एकोणसाठ हजारांची ट्रॉफी

माझ्या ऑफिसात शिरलं की समोरच एक काचेचं कपाट आहे आणि त्याच्या मधल्या कप्प्यात एक ट्रॉफी आहे. ॲक्रिलिकची, निळसर, वर सोनेरी तारा आणि खाली माझं नाव, तेही आडनावात एक चूक असलेलं. येणाऱ्या दहातल्या आठ जणांची नजर आधी तिच्यावर जाते आणि मग माझ्यावर येते. ही ट्रॉफी मी विकत घेतलीय. पन्नास हजार अधिक अठरा टक्के जीएसटी, म्हणजे एकोणसाठ हजार, आणि दिल्लीचं जाणंयेणं-हॉटेल वेगळं.

आधीच सांगून टाकलं म्हणजे बरं, नाहीतर पुढचं सगळं मी फार शहाणा असल्यासारखं वाटेल.

मी जुन्या इमारतींची दुरुस्ती करणारा आर्किटेक्ट. इंदूरमध्ये हे काम करणं म्हणजे काय ते इथल्याच माणसाला कळेल. रामबागेत, जुन्या इंदुरात, मल्हारगंजात अजून वाडे आहेत, सागवानी खांबांचे, मधे चौक असलेले, आणि त्यातल्या बहुतेकांच्या मालकांना एकच प्रश्न असतो की पाडून किती मजले चढतील. मी जाऊन सांगतो की पाडू नका, नीट करूया, तर पलीकडून येतं, मग तुम्ही पैसे कशाचे घेता? एका काकांनी तर मला सरळ विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही रंगारी का?" त्यांचं चुकत नव्हतं हो. डॉक्टरची डिग्री लोकांना कळते, बिल्डरची गाडी लोकांना कळते, माझं काम चांगलं झालं तर ते दिसतच नाही, भिंत होती तशीच दिसते, मग विश्वास ठेवायचा कशावर?

तर अशा दिवसांत तो फोन आला. गोड आवाज, इंग्रजी-हिंदी मिश्र, काँग्रॅच्युलेशन्स सर, आपका नाम शॉर्टलिस्ट हुआ है. मी कुठे अर्ज केला होता? कुठेच नाही. कोणत्या कामासाठी? "सर, ओव्हरऑल एक्सलन्स." मध्य भारतातला सर्वोत्कृष्ट का उगवता, असा काहीतरी हेरिटेज आर्किटेक्ट, दोन कॅटेगऱ्या सांगून मलाच निवडायला लावली. हे ऐकून कुणीही फोन ठेवला असता, मी नाही ठेवला, कारण त्याच आठवड्यात एक काम हातचं गेलं होतं आणि ते ज्याला मिळालं त्याच्या लेटरहेडवर खाली 'पुरस्कारप्राप्त' असं लिहिलेलं मी बघितलं होतं.

दिल्लीच्या त्या हॉटेलातल्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी नव्वदच्या वर लोकांना पुरस्कार मिळाले. मी मोजले, दुसरं काम काय होतं. डेंटिस्ट, वास्तुतज्ज्ञ, टॅरोवाल्या बाई, एक कोचिंग क्लास, दोन शाळा, एक पनीरवाला. प्रत्येकाला स्टेजवर साधारण चाळीस सेकंद, एका जुन्या सिनेनटाच्या हातून ट्रॉफी, कॅमेऱ्याकडे बघा, हसा, डावीकडून उतरा. ज्युरी कोण होते ते शेवटपर्यंत कळलं नाही. घरी आल्यावर बिल नीट वाचलं तर त्यावर पुरस्कार हा शब्दच नव्हता. काय घेतल्याचं बिल होतं? 'ब्रँडिंग अँड प्रमोशनल पॅकेज'. म्हणजे त्यांच्या हिशेबात तरी ते खरं बोलत होते. कुणाला असा फोन आला तर माझं एकच सांगणं आहे, आधी प्रोफॉर्मा बिल मागवा आणि तपशिलाच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा.

बायको म्हणाली, "माळ्यावर टाक." मी नाही टाकली, पैसे दिलेत, कपाटात ठेवली. आणि इथे गोष्ट अवघड होते, कारण ती ट्रॉफी चालली. खरंच चालली! सहा-सात महिन्यांत दोन कामं अशी आली की ज्यात बोलणं त्या ट्रॉफीवरून सुरू झालं. एका गृहस्थांनी तिच्यासोबत माझा फोटो काढून त्यांच्या भावाला पाठवला. तोपर्यंत मला वाटत होतं की मी मूर्खात निघालो, आता वाटायला लागलं की एकोणसाठ हजार वसूल.

ही वसुली किती टिकली? पहिल्या कामात मालकांना जुन्या चौकाला चकचकीत टाईल्स आणि वर पीओपीचं सीलिंग हवं होतं, "अवॉर्डवाल्या आर्किटेक्टने केलंय असं दिसलं पाहिजे." दुसरं निम्म्यात सुटलं. ज्या माणसाला ट्रॉफीवरून मी पटलो त्याला चुन्याचा गिलावा वाळायला एवढे दिवस का लागतात हे पटणं कठीणच होतं, तो चकाकी बघून आला होता आणि चुना चमकत नाही. आणि मग एका जुन्या धर्मशाळेच्या कामासाठी एका ट्रस्टने बोलावलं, तिथे त्यांचे सल्लागार बसले होते, सत्तरीचे निवृत्त इंजिनिअर, त्यांनी माझा परिचय वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, "हा पुरस्कार कोणाचा? ज्युरीत कोण होतं?" मी संस्थेचं नाव सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त त्या ओळीपुढे पेन्सिलने एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं आणि कागद पुढच्या माणसाकडे सरकवला. ते काम मला मिळालं नाही. परिचयात ती ओळ नसती तर कदाचित मिळालं असतं, असं मला आजही वाटतं.

म्हणजे एकच ट्रॉफी, दहातल्या आठांना दाखवायला चांगली आणि उरलेल्या दोघांसमोर घातक. आणि मला हवी असलेली कामं नेमकी त्या दोघांकडे होती.

पैसे घेतात म्हणून पुरस्कार खोटा, असं मात्र नाही हं. मी बरेच दिवस तसं समजत होतो. जर्मनीतला रेड डॉट डिझाईनवाल्यांमध्ये किती मोठा मानतात, तिथे अर्ज करायची फी आहे आणि जिंकल्यावर विजेत्याचं पॅकेजही घ्यावं लागतं, काही हजार युरोंचं, त्यावरून लोक नाकं मुरडतात, पण त्याची ज्युरी नावानिशी असते आणि वस्तू खरोखर तपासली जाते. तेव्हा फीपेक्षा दुसरे दोन प्रश्न कामाचे. इथे कुणी हरतं का? आणि हरवणाऱ्याचं नाव मला माहीत आहे का? दिल्लीच्या त्या हॉलमध्ये हरलेला एकही माणूस नव्हता.

आमच्या धंद्यात दुसऱ्या टोकाला आगा खान पुरस्कार आहे आणि त्याच्याशी इंदूरचं नातं फार जुनं आहे, जे इंदूरकरांनाच माहीत नसतं. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींच्या इंदुरातल्या अरण्य वसाहतीला तो १९९५ साली मिळाला. साडेसहा हजार प्लॉटची आखणी, आणि नमुना म्हणून दोशींनी बांधून दाखवलेली फक्त ८० घरं. पुढच्याच फेरीत, १९९८ ला, इंदूरच्या झोपडवस्त्यांमधल्या ड्रेनेज आणि रस्त्यांच्या योजनेला, हिमांशु पारीख यांच्या स्लम नेटवर्किंगला, पुन्हा तोच पुरस्कार. लागोपाठच्या दोन फेऱ्यांत एकच शहर! तीन वर्षांतून एकदा देतात, यादीत आलेल्या प्रत्येक कामावर आधी त्यांचा माणूस प्रत्यक्ष येऊन बघून जातो. आणि तरीही त्या दुसऱ्या योजनेवर पुढे बरीच टीका झाली, की कागदावर होतं तसं वस्त्यांमध्ये टिकलं नाही. एवढी चाळणी लावूनही पुरस्कार हा त्या दिवसाचा फोटो असतो, पुढच्या दहा वर्षांची गॅरंटी तो कुठून देणार.

असो. आगा खानच्या वाटेला जाण्याइतका मी मोठा नाही. पण युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार आहे, २००० सालापासून चाललाय, त्यात छोटी खाजगी कामंही चालतात, घर, देऊळ, दुकान, पूल, काहीही. मी अर्ज भरला तेव्हाच्या अटी साध्या होत्या: इमारत पन्नास वर्षांहून जुनी हवी, काम गेल्या दहा वर्षांत पुरं झालेलं हवं, त्यात खाजगी मालकाचा किंवा संस्थेचा हात हवा, म्हणजे निव्वळ सरकारी काम नको, आणि दुरुस्तीनंतर ती इमारत निदान वर्षभर वापरात असली पाहिजे. ही शेवटची अट मला फार आवडली. सजवून कुलूप लावलेलं चालत नाही.

माझा समज होता की युनेस्को म्हणजे हजारो अर्ज येत असणार, आपल्याला कोण विचारतो. मग २०२२ चे आकडे वाचले. अख्ख्या आशिया-पॅसिफिकमधून, ११ देशांतून, अर्ज किती? ५०. सन्मान किती? १३. म्हणजे जवळजवळ चारात एक. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला त्या वर्षी सर्वात वरचा मिळाला, भायखळा स्टेशनलाही मिळाला. आता चारात एक ही लॉटरी नाही ना. आणि अर्ज एवढे कमी का, हे मला स्वतः भरायला बसल्यावर कळलं.

काम होतं रामबागेजवळच्या एका वाड्याचं. दोन मजली, खाली विटा-चुना, वर लाकूड, सुमारे सव्वाशे वर्षांचा. आठ-नऊ वर्षांपूर्वी त्या घरातल्या धाकट्या सुनेने, म्हणजे आता त्या पन्नाशीच्या आहेत, हट्टाने तो पाडू दिला नाही आणि आम्ही दोन वर्षं खपून तो नीट केला. खाली आता त्यांचा संगीताचा क्लास चालतो, संध्याकाळी चौकात पंचवीस-तीस पोरं तंबोऱ्यावर सा लावत बसलेली असतात. वापराची अट तर दणक्यात पुरी होत होती.

पहिला मसुदा मी एका रात्रीत लिहिला आणि मला तो फार आवडला. होळकरकालीन वैभव, विस्मृतीत गेलेला वारसा, जिद्द, अडचणी, पुनरुज्जीवन. तो मी माझ्या कॉलेजच्या मॅडमना पाठवला, त्या आता निवृत्त आहेत, बडोद्याला असतात. दोन दिवसांनी फोन आला, "अरे, हे सगळं वाचलं. पण यात इमारत कुठे आहे?"

मी म्हटलं, मॅडम पूर्ण इमारतीवरच आहे.

"नाही, हे तुझ्यावर आहे. मला सांग, किती तुळया सडल्या होत्या?"

आठवेना. आठ का दहा? जुन्या वह्या काढल्या, बिलं काढली, सुतार मिस्त्रीला फोन लावला आणि त्याला तोंडपाठ होतं. दक्षिणेच्या भिंतीत अकरा तुळया, त्यातल्या चारांची भिंतीत घुसलेली टोकं वाळवीने खाल्लेली, बाकी सात ठणठणीत. कसं ओळखलं तर पटाशी टोचून, सडलेल्यात ती बोटभर आत जायची आणि चांगल्यात अडायची. मग त्या चार तुळया पूर्ण न बदलता फक्त खराब टोकं कापली, साधारण तीन-तीन फूट, आणि त्याच वाड्याच्या मोडलेल्या मागच्या पडवीतलं जुनं सागवान घेऊन तिरक्या सांध्याने जोडलं. सात तुळयांना हातही लावला नाही.

हे मी अर्जात तसंच लिहिलं आणि माझ्या लक्षात आलं की पहिल्या मसुद्यातल्या 'लाकडी रचनेचं गतवैभव परत आणलं' या वाक्याच्या जागी आता जे आलंय ते ऐकून इंदूरच्या सुताराला आणि बँकॉकला बसलेल्या युनेस्कोच्या परीक्षकाला एकच चित्र दिसेल. आणि या अर्जात बढाई कशाची मारायची, तर न केलेल्या कामाची. सात तुळया तशाच ठेवल्या, हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं वाक्य आहे, पण क्लायंटला सांगितलं तर तो म्हणतो मग तेवढे पैसे कमी करा.

भिंतींचंही तसंच. खालच्या तीन-चार फुटांना कुणीतरी १९८० च्या सुमारास सिमेंटचा गिलावा मारला होता, ओल येते म्हणून. आता जुन्या विटांच्या भिंतीत जमिनीतून ओल चढतेच, चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडून वाळून जाते. सिमेंटने ती वाट बंद केली की तीच ओल आत कोंडते आणि वर चढत जाते, मग सिमेंट संपतं तिथे, बरोबर कमरेच्या उंचीवर, क्षारांचा पांढरा लोणा फुटतो आणि विटेची भुकटी पडायला लागते. बोटाने ठोकलं तर गिलावा पोकळ वाजतो. आम्ही सिमेंट उतरवलं, भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी वाळू दिली, कळीचा चुना महिनाभर खड्ड्यात विझवत ठेवला, सुरखी म्हणजे विटेची पूड, थोडा गूळ, मेथीचं पाणी, आणि पावसाळ्याआधी मागच्या भिंतीवर तीन वेगवेगळ्या मिश्रणांचे हात-हातभर चौकोन लावून ठेवले, की पाऊस झाल्यावर कोणता टिकतो बघू. मधला टिकला. तोच घेतला.

मॅडम हे ऐकून एकदम खूश. "हे पहिल्या पानावर घे! निर्णय कसा घेतला हे दाखवणारं यापेक्षा काय हवंय. त्या चौकोनांचे फोटो आहेत ना? पावसाच्या आधीचे आणि नंतरचे?"

इथे माझं पाणी झालं.

फोटो. काम सुरू करण्याआधी मी वाड्याचे फोटो काढले होते, भरपूर काढले होते, पण कसे? फोनवर, चालता चालता, मालकीणबाईंना व्हॉट्सॲपवर पाठवायला. मूळ फोन चोरीला गेला होता, उरले ते व्हॉट्सॲपवरचे, दाबून चपटे झालेले, मोठे केले की भिंतीऐवजी ठिपके दिसतात. आणि एकही फोटो असा नाही की जिथे उभं राहून 'आधी' काढला तिथेच उभं राहून 'नंतर' काढता येईल. चौकाचा जुना फोटो कुठून काढला होता हे शोधायला मी आणि माझी असिस्टंट एक पूर्ण दुपार त्या चौकात पावलं मागेपुढे करत फिरलो, शेवटी एका फोटोच्या कोपऱ्यात नळाची तोटी दिसली तिच्यावरून जागा सापडली, तर तिथे आता क्लासचं हार्मोनियमचं कपाट. त्या तीन चौकोनांचे फोटो तेवढे मिळाले, तेही माझ्यामुळे नाही, तेव्हा ट्रेनिंगला आलेल्या एका पोराने इन्स्टाग्रामवर टाकायला काढले होते म्हणून. पावसानंतरचे होते, आधीचे नाहीत. म्हणजे परीक्षा घेतल्याचा पुरावा आहे पण पेपर कोरा होता हे दाखवायला काही नाही.

प्रत्यक्ष येऊन बघणाऱ्या माणसाला तुम्ही भिंतीवर हात फिरवायला लावू शकता. फाईल वाचणाऱ्यासाठी फाईलमध्ये नसलेली भिंत नसतेच. मी दोन वर्षांत जे जे केलं त्यातलं निम्मं पुराव्याअभावी झालंच नाही, असं ते अर्ज भरताना दिसत गेलं, आणि फार चमत्कारिक वाटलं ते, स्वतःचीच आठवण खोटी पडल्यासारखं.

दुसरी भानगड मालकांच्या संमतीची. लेखी लागते. वाड्यावर नावं सात जणांची. इंदूरला तीन, पुण्यात दोन, एक न्यू जर्सीला आणि एक काका उज्जैनला जे गेली बारा वर्षं कुणाशी बोलत नाहीत. बाकीच्यांच्या सह्या आठवड्यात आल्या. उज्जैनच्या काकांना वाटलं की पुरस्कार मिळाला की वाडा सरकारजमा होतो. मी पोह्यांच्या दोन प्लेटी आणि तीन चहा होईपर्यंत त्यांना समजावत होतो की नाही काका, युनेस्को काही घेऊन जात नाही, हा जागतिक वारसा यादीवाला प्रकार वेगळा आणि हा वेगळा, हा नुसता दुरुस्ती चांगली केली म्हणून शाबासकी आहे. मग म्हणाले, "पैसे किती देतात?" मी म्हटलं, पैसे नाही देत, मान असतो. "मग कशाला एवढी धावपळ करताय राव?" सही केली पण. चारदा वाचून.

शेवटी ४६ पानांची पीडीएफ झाली. मोजून काढलेले नकाशे, काय सडलं होतं त्याचा नकाशा वेगळा, काय बदललं आणि काय ठेवलं हे दोन रंगांत, खर्च, कामगारांची नावं, क्लासचं वेळापत्रक. नकाशे नव्याने काढायला असिस्टंटचे सहा आठवडे गेले, ती दुसरं काम करू शकली नाही, तेवढा तिचा पगार, फोटोग्राफरचे दोन दिवस, मॅडमना दाखवायला बडोद्याच्या दोन फेऱ्या. अर्जाची फी शून्य. आणि तरी हिशेब केला तर खर्च त्या दिल्लीच्या ट्रॉफीच्या दुपटीच्या पुढे गेला. तेव्हा ते पन्नासच अर्ज का येतात ते कळलं.

निकाल लागला. यादीत आमचं नाव नव्हतं, एक सभ्य ईमेल आली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, मालकीणबाईंना फोन करायला मला दोन दिवस लागले. त्या म्हणाल्या, "अहो, क्लासला सुट्टी नाही ना द्यायची? मग झालं." ज्यांना मिळाला त्यांची वर्णनं वाचली. एकाच्या जागीही मी स्वतःला बसवू शकलो नाही, आणि निम्म्या कामांत 'आधी'चे फोटो बघूनच मला कळलं की या लोकांनी अर्जाचा विचार कुदळ मारायच्या आधी केला होता.

पुढे ती पीडीएफ मी त्या पेन्सिलवाल्या सल्लागारांना पाठवली, जरा रागानेच, सोबत एक ओळ की याला पुरस्कार मिळालेला नाही. त्यांचं उत्तर आठ दिवसांनी आलं, त्यात दोन प्रश्न होते, एक तिरक्या सांध्याच्या लांबीबद्दल आणि एक मेथीच्या पाण्याबद्दल. मी उत्तरं दिली. मग आणखी तीन प्रश्न आले. ती धर्मशाळा तोवर दुसऱ्याने करून टाकली होती, टाईल्ससकट, पण याच ट्रस्टचं एक छोटं देऊळ आहे, कान्ह नदीच्या बाजूला, त्याचं बोलणं सुरू झालं आणि मागच्या महिन्यात कागद झाले. या वेळी परिचयात मी ती दिल्लीची ओळ घातली नव्हती. त्यांनीच विचारलं, "ते तुमचं अवॉर्ड कुठे गेलं?" मी म्हटलं, कपाटात आहे सर. ते हसले नाहीत.

ट्रॉफी अजून कपाटातच आहे. काढून टाकावी तर तिथली काच मोकळी दिसते, आणि खरं सांगायचं तर अजूनही कुणी नवीन क्लायंट आला आणि तिच्याकडे बघून जरा सावरून बसला तर मी त्याला थांबवत नाही. त्याच्याशी चुन्याबद्दल बोलून बघतो. दहा मिनिटांत कळतं तो कशासाठी आलाय.

देवळाचं काम पुढच्या आठवड्यात सुरू होईल. परवा आम्ही फक्त खिळे ठोकायला गेलो होतो. म्हणजे असं, आवारातल्या फरशीच्या सांध्यांमध्ये अकरा ठिकाणी पितळी खिळे बसवले, प्रत्येकाला नंबर, कॅमेऱ्याचा स्टँड बरोबर त्या खिळ्यावर उभा करायचा, उंची पाच फूट, लेन्स तीच, तोंड कुठे ते नकाशावर बाणाने. दर पंधरा दिवसांनी अकरा फोटो, काम असो नसो. प्रत्येक फोटोत एका कोपऱ्यात पाटी, तिच्यावर खडूने तारीख. मूळ फाईली दोन हार्ड डिस्कवर, एक ऑफिसात, एक घरी, व्हॉट्सॲपवर पाठवायच्या त्या कॉपी. वाड्याचा तोच सुतार मिस्त्री सोबत होता, खिळे त्यानेच ठोकले, आणि सातव्या खिळ्याला थांबून म्हणाला, "सरजी, ये इनाम के लिए है क्या?"

मी म्हटलं, माहीत नाही, कदाचित. वर्षभर देऊळ वापरात राहिलं तर बघू.

"पिछली बार वाले में मेरा नाम लिखा था ना?"

लिहिलं होतं, पान ४१ वर, सुतारकाम, मुख्य मिस्त्री. फोनवर उघडून दाखवलं. इंग्रजीत होतं, त्याने ते मोठं करून बघितलं, मग त्याच्या मुलाला व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा माझ्या फोनच्या स्क्रीनवर धरून म्हणाला, जरा पढ तो. मुलाने वाचलं. नावाचा एक स्पेलिंग चुकलाय म्हणाला.